फुल अँड फायनलमधील कपाती आणि हरकतीचे पत्र

नोकरी सोडल्यानंतर कंपनी देणे-घेणे मिटवण्यासाठी जो हिशोबाचा कागद देते, त्याला सगळीकडे ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. डावीकडे देय रकमा, उजवीकडे कपाती आणि तळाशी निव्वळ रक्कम. हाती येणारा आकडा अपेक्षेपेक्षा कमी असला की बहुतेक जण फोन करतात, नाहीतर रागाच्या भरात चार ओळींचा ईमेल टाकतात: ‘माझे पैसे चुकीचे कापले आहेत, कृपया तपासा.’ त्याला ‘कंपनीच्या धोरणानुसार हिशोब बरोबर आहे’ असे उत्तर येते आणि विषय तिथेच थांबतो. उत्तर देणे भाग पडेल असे पत्र निव्वळ रकमेवर भांडत नाही, ते एकेका ओळीचा आधार विचारते.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचे कल्पित उदाहरण घेऊ. एकूण पगार महिना ५२,००० रुपये, त्यातला बेसिक निम्मा, म्हणजे २६,०००. नोकरीची सुरुवात २० जुलै २०१९, राजीनाम्याचा ईमेल १ फेब्रुवारी २०२६ आणि कामाचा शेवटचा दिवस १८ मार्च २०२६. कंपनीच्या कागदावर मार्चच्या १८ दिवसांचा पगार ३०,१९४, शिल्लक रजेचे १८,००० आणि ग्रॅच्युइटी ९०,००० असे १,३८,१९४ रुपये देय आहेत. कपातीत नोटीस पे ३४,६६७, लॅपटॉपचे नुकसान ८,५००, भविष्य निर्वाह निधी १,८१२ आणि व्यवसाय कर २००. हाती येणार ९३,०१५.

पत्र लिहिण्याआधी अपॉइंटमेंट लेटर, शेवटची पगारपावती, राजीनाम्याचा ईमेल, रिलीव्हिंग लेटर आणि वस्तू परत केल्याची पोच हे कागद समोर हवेत. ते मांडल्यावर दिसते की पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर या चार ओळी बरोबर आहेत. त्या बरोबर आहेत असे पत्राच्या सुरुवातीलाच लिहावे. त्यामुळे वाद तीन ओळींपुरता उरतो आणि पत्र वाचणाऱ्या लेखा विभागाला नेमके काय तपासायचे ते कळते. सरसकट सगळ्यावर हरकत घेणारे पत्र बाजूला पडते, कारण ते कुठून तपासायला घ्यावे हेच कळत नाही.

सर्वांत मोठा वाद नोटीस पे चा आहे. अपॉइंटमेंट लेटरमध्ये ६० दिवसांची नोटीस आहे आणि ती कमी पडल्यास ‘तेवढ्या दिवसांचा बेसिक’ वसूल होईल असे लिहिले आहे. राजीनामा १ फेब्रुवारीचा, म्हणजे २ फेब्रुवारीपासून १८ मार्चपर्यंत ४५ दिवस भरले आणि १५ कमी पडले. कंपनीने मात्र २० दिवस कापले. एचआरने राजीनामा ६ फेब्रुवारीला मंजूर केला आणि मोजणी ७ तारखेपासून धरली, म्हणून पाच दिवस वाढले. शिवाय दर बेसिकऐवजी एकूण पगाराचा लावला. ५२,००० ला ३० ने भागून २० ने गुणले की ३४,६६७ येतात. करारातल्या शब्दांप्रमाणे २६,००० ला ३० ने भागून १५ ने गुणले की १३,००० होतात. फरक २१,६६७. आधी दिवस तपासायचे आणि मग दर, कारण बहुतेक चुका या दोनच ठिकाणी असतात. मात्र करारात ‘एकूण पगार’ असे लिहिलेले असेल, तर दराची हरकत टिकणार नाही आणि ती घेऊही नये. काही कंपन्या या वसुलीवर १८ टक्के जीएसटीही लावत. ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकाने नोटीस पे वर जीएसटी लागत नाही असे स्पष्ट केले आहे. कागदावर अशी ओळ दिसली तर ती लगेच विचारावी.

ग्रॅच्युइटीचे सूत्र ठरलेले आहे: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. येथे २६,००० चा पगार धरला की दर वर्षाला बरोबर १५,००० येतात. नोकरी ६ वर्षे आणि जवळपास ८ महिन्यांची आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ उरला तर तो पूर्ण वर्ष धरायचा, असे कायदा सांगतो. म्हणजे ७ वर्षे, १,०५,००० रुपये. कंपनीने सहाच वर्षे धरली. ही चूक अनेकदा सॉफ्टवेअरमध्ये फक्त पूर्ण वर्षे मोजली गेल्याने होते आणि दाखवून दिली की सहसा वादाविना दुरुस्त होते. येथे बेसिक निम्मा असल्याने पगार कोणता धरायचा हा प्रश्न आला नाही. बेसिक त्याहून कमी असेल, तर नव्या कामगार संहितांतली वेतनाची व्याख्याही पाहावी लागते, कारण वगळलेले भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात मिळवला जातो.

लॅपटॉपचा मुद्दा वेगळा आहे, कारण त्यात सूत्र नाही. नुकसान कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झाले असेल तरच कपात करता येते. ती प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही आणि त्याआधी कर्मचाऱ्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणून पत्रात ‘मी लॅपटॉप फोडला नाही’ एवढेच लिहून भागत नाही. तीन गोष्टी मागाव्या लागतात: दुरुस्तीचे बिल, तपासणीचा अहवाल आणि खुलासा मागवल्याची तारीख. परत देतानाच्या पोचपावतीवर ‘चालू स्थितीत’ असा शेरा असेल, तर तिची प्रत जोडावी.

अशा पत्रातला एक परिच्छेद असा असू शकतो:

‘नोटीस पे च्या ओळीत ३४,६६७ रुपये वजा केले आहेत. नियुक्तिपत्राच्या संबंधित कलमानुसार माझ्या हिशोबाने ही रक्कम १३,००० होते (२६,००० ÷ ३० × १५). आपण किती दिवस धरले, कोणत्या तारखेपासून मोजले आणि कोणता दर लावला, हे कृपया लेखी कळवावे.’

तिन्ही ओळींसाठी असाच मजकूर लिहून शेवटी एक तक्ता जोडावा. त्यात कंपनीची रक्कम, कर्मचाऱ्याची रक्कम, फरक आणि आधाराचा कागद असे चार रकाने पुरतात. २१,६६७, १५,००० आणि ८,५०० मिळून फरक ४५,१६७ येतो आणि निव्वळ रक्कम १,३८,१८२ होते. ही बेरीज कंपनीच्या ९३,०१५ शी अचूक जुळली पाहिजे. ती जुळत नसेल तर कुठली तरी ओळ सुटली आहे.

पत्रात आणखी दोन गोष्टी हव्यात. वाद नसलेले ९३,०१५ रुपये लगेच द्यावेत आणि ते ‘उरलेल्या रकमेचा हक्क राखून’ स्वीकारले जातील, असे लिहावे. ‘सर्व येणे मिळाले, कोणतीही तक्रार नाही’ असा छापील मजकूर सहीसाठी आला, तर हाच शेरा सहीशेजारी हाताने लिहावा. कोरी सही केल्यावर पुढे हरकत मांडणे अवघड होते. उत्तरासाठी तारीख द्यावी आणि पत्र ईमेलसोबत स्पीड पोस्टानेही पाठवावे.

मुदतीही माहीत असाव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. ग्रॅच्युइटीसाठी ३० दिवस आहेत आणि त्यानंतर व्याज लागते. लेखी उत्तर आले नाही तर कामगार विभागाकडे जाता येते. बेकायदा वेतनकपातीचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. ग्रॅच्युइटीचा दावा मात्र वेगळ्या संहितेखाली येतो, म्हणून त्या १५,००० रुपयांसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.