बस येण्याआधीचा पाऊण तास

बस अकराला यायची असते, पण निवासी उन्हाळी शिबिराच्या सातव्या दिवशी मुलांचे कान साडेनऊपासूनच रस्त्याकडे लागलेले असतात. एकीकडे वळकट्या बांधणं चालू असतं, दुसरीकडे कुणाच्या तरी एका मोज्याचा शोध. गटाच्या ताईला जे बोलायचं असतं, ते याच गडबडीत.

अनुभवी ताई ही वेळ नीट हेरून ठेवते. सामान भरायच्या आधी बोलायला बसलं, तर निम्मी मुलं मनात टॉवेल शोधत असतात. पालक आल्यावर बसलं, तर सगळ्यांच्या माना फाटकाकडे. म्हणून पिशव्या ओसरीवर रांगेत लागल्या की लगेच आंब्याखाली सतरंजी टाकायची आणि दहा-बारा जणांचा गोल करून बसायचं. समारोपाचं भाषण नंतर होतं, पाहुणे आणि माइकसकट. त्यातलं मुलांच्या फार काही लक्षात राहत नाही.

शेवटाला एवढं जपायचं कशासाठी? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी 14 अंश सेल्सियसच्या थंडगार पाण्यात एक मिनिट हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट. पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू अंशभर कोमट केलं. पुन्हा कोणता प्रकार कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला दुसरा प्रकार निवडला. आठवण घड्याळ लावून मोजत नाही, शेवट कसा झाला त्याकडे तिचा ओढा असतो. अर्थात, सहा दिवस कच्ची भाकरी खाऊ घालून सातव्या दिवशी गोड बोललं की सगळं पुसलं जातं, असा अर्थ कुणी काढू नये!

खरी तयारी दुसऱ्याच दिवशी सुरू होते. ताईच्या खिशातल्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावाचं एक पान असतं. रात्री मुलं झोपली की त्यात ती एखादी ओळ लिहिते. चौथ्या रात्री एखादं पान कोरंच दिसलं, तर मुलात काही नाही असं नसतं. आपलं तिकडे लक्ष गेलेलं नसतं. बहुतेकदा हे पान शांत, कुणाला त्रास न देणाऱ्या मुलाचं निघतं. पाचव्या दिवशी ताई मुद्दाम त्याच्या शेजारी ताटं घासायला बसते.

सातव्या दिवशी वहीतली ती ओळ कामाला येते. ‘तू खूप हुशार आहेस’ असं ती म्हणत नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं होतं, की बुद्धीची वाहवा झालेली मुलं पुढच्या अवघड कोड्यांत अडखळली की लवकर नाउमेद होतात; प्रयत्नांचं कौतुक झालेली मुलं मात्र नेट लावून सोडवत राहतात. म्हणून ताई घडलेली गोष्टच सांगते. “ओढ्यापाशी सगळे पुढे पळाले, तेव्हा तू मागे थांबलास. त्या धाकट्याची चप्पल चिखलात रुतली होती, ती काढून दिलीस आणि कुणाला बोलला नाहीस. मी बघितलं होतं.” मुलगा खाली बघून गवत उपटत राहतो, पण कान लाल झालेले असतात.

इथे एक चूक भल्याभल्यांच्या हातून होते. “पहिल्या रात्री आईच्या आठवणीने किती रडलीस, आणि आता बघ!” ताईला ते कौतुक वाटतं, पण मुलीच्या मनात एवढंच राहतं की ते सगळ्यांना कळलं. अशी गोष्ट सांगायचीच, तर पिशवी उचलून देताना, एकटीला.

मग सगळ्यांसाठी चार वाक्यं. “घरी गेल्यावर दोन-तीन दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटेल. सकाळी शिट्टी वाजणार नाही, अंघोळीला रांग नसेल. वाटू दे. आई विचारेल, मजा आली का? नुसतं ‘हो’ म्हणू नका. एक गोष्ट सांगा, आत्ताच ठरवून ठेवा कुठली.” पुढच्या वर्षी नक्की भेटू, असं मात्र ती म्हणत नाही. पुढच्या वर्षी ती स्वतः नोकरीला लागलेली असेल, आणि मुलं असे शब्द वर्षभर धरून ठेवतात.

एखादी रडू लागते, तिचं बघून दुसरी. ताई “रडू नका” म्हणत नाही, पाण्याची बाटली पुढे करते. तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजतो आणि गोल मोडतो.

बस निघता निघता ओढ्यावरचा तो मुलगा खिडकीतून ओरडतो, “ताई, माझा मोजा सापडला तर ठेव हं!”

मोजा तिला दुपारी सतरंजी झटकताना सापडतो.