क्रेडिटचा आकडा आणि कामाचे सेकंद

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात चालतात ते साधारण जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत. जाहिरात मात्र दसरा-दिवाळीला हवी असते. त्या वेळी शेतात हळद अजून पानांच्या पसाऱ्यातच असते. काढणी नाही, शिजवणं नाही, वाळवणं नाही, त्यामुळे शूट करायला काही नाही. मग घरगुती हळद पावडर विकणारा एखादा तरुण एआय व्हिडिओकडे वळतो. साताऱ्यातही हीच गोष्ट आहे. कास पठारावरची फुलं पावसाळ्याच्या अखेरीस काही आठवडेच असतात आणि होम-स्टेवाल्याला पाहुणे वर्षभर हवे असतात. दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: ‘फुकटात कुठं जास्त क्रेडिट मिळतात?’ पैसे वाया जायला सुरुवात होते ती याच प्रश्नापासून.

गैरसमज: जिथं क्रेडिट जास्त, तिथं फायदा जास्त.

क्रेडिट हे काही सगळीकडे सारखं चालणारं नाणं नाही. प्रत्येक कंपनीनं आपापलं माप ठरवलंय आणि एकाच कंपनीत मॉडेल बदललं की तेच माप वेगळं भरतं. 2025 मधले काही दर पाहू. हे दर वरचेवर बदलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या दिवशीचं दरपत्रक उघडायचंच.

रनवेच्या मोफत खात्यावर 125 क्रेडिट मिळत होती, तीही एकदाच. दर महिन्याला नवी मिळत नाहीत. महिना 15 डॉलरच्या स्टँडर्ड योजनेत 625 क्रेडिट होती. जेन-4 हे मॉडेल सेकंदाला 12 क्रेडिट घेत होतं, तर जेन-4 टर्बो सेकंदाला 5. म्हणजे 625 क्रेडिटमध्ये जेन-4 चे जेमतेम 52 सेकंद निघतात आणि टर्बोचे 125. गुगलच्या फ्लोमध्ये एआय प्रो योजनेवर महिन्याला 1000 क्रेडिट दिली जात होती. आकडा मोठा वाटतो. पण व्हिओ 3 च्या उत्तम दर्जाच्या 8 सेकंदांच्या एका क्लिपला 100 क्रेडिट लागत, म्हणजे महिन्याला दहाच क्लिप. त्याच मॉडेलची ‘फास्ट’ आवृत्ती 20 क्रेडिटमध्ये काम करायची, म्हणजे पन्नास क्लिप.

त्यामुळे तुलना करताना क्रेडिट विसरा आणि एवढंच काढा: या योजनेत, मला हव्या त्या मॉडेलचे किती सेकंद मिळतात? त्यातले वापरण्याजोगे किती निघतील, हा पुढचा प्रश्न. खरी किंमत तिथंच ठरते.

गैरसमज: फुकट क्रेडिट साठवून ठेवली की दिवाळीच्या जाहिरातीला पुरतील.

क्लिंगवर रोज लॉग-इन केलं की मोफत क्रेडिट जमा होत असत, 66 च्या आसपास. पण ती चोवीस तासांत संपत. आठवडाभर न वापरता ठेवली तर हातात एका दिवसाचीच उरत. रनवेच्या योजनेतली महिन्याची क्रेडिटही पुढच्या महिन्यात जात नाहीत आणि फ्लोचीही जात नाहीत. वेगळे पैसे देऊन घेतलेली जादा क्रेडिट काही ठिकाणी टिकतात. तेवढ्यासाठी अटींचं पान वाचावं लागतं.

फुकट खात्याची खरी अडचण वेगळीच असते. व्हिडिओवर कंपनीचा वॉटरमार्क येतो. रांगेत आपला नंबर मागे राहतो आणि एका क्लिपला बराच वेळ लागू शकतो. आणि काही कंपन्या मोफत योजनेतला व्हिडिओ व्यवसायासाठी वापरायला परवानगीच देत नाहीत. हळदीच्या पाकिटाची जाहिरात म्हणजे व्यवसायच. कोपऱ्यातला वॉटरमार्क कापून टाकला तरी ती अट कापली जात नाही.

मग फुकट क्रेडिटचा उपयोग काय? शिकण्यासाठी. आपल्या विषयात यंत्र कुठं फसतं, हे फुकटात जाणून घ्यायचं. हळदीचंच घ्या. शिजवून वाळवलेलं, पॉलिश केलेलं हळकुंड कसं दिसतं, हे नुसतं लिहून मागितलं तर बऱ्याचदा आलं किंवा पिवळं रंगवलेलं गाजर हाती येतं. हरिपूरची पेवं मागून पाहा. जमिनीखाली खोदलेलं, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठं असलेलं हळद साठवायचं पेव यंत्राच्या ओळखीचं असण्याची शक्यता फार कमी. ते विहीर दाखवेल नाहीतर गुहा. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचं दृश्य मागितलं तर पेढा वळणाऱ्या हाताची बोटं पेढ्यात मिसळतात. आणि पाकिटावरचं मराठी नाव? देवनागरी अक्षरं बऱ्याचदा विस्कटतात, एखादी मात्रा हवेत तरंगते. हे सगळं फुकट क्रेडिटवर कळलं तर उत्तम. विकत घेतलेल्या क्रेडिटवर कळलं तर नुकसान.

गैरसमज: पैसे भरले की व्हिडिओ पहिल्याच फटक्यात चांगला येतो.

पैसे भरल्यानं बहुतेक ठिकाणी वॉटरमार्क जातो, रांग कमी होते आणि वरच्या दर्जाचं मॉडेल खुलं होतं. नशीब मात्र तेच राहतं. तोच प्रॉम्प्ट पुन्हा दिला तरी दर वेळी वेगळा व्हिडिओ येतो आणि बोटं सहा आली तरी क्रेडिट कापली जातात. तांत्रिक बिघाडामुळे क्लिप तयारच झाली नाही तर क्रेडिट सहसा परत मिळतात. आवडली नाही म्हणून मिळत नाहीत.

म्हणून अंदाजपत्रक क्लिपचं नाही, प्रयत्नांचं करायचं. सांगलीच्या त्या हळदवाल्याचा हिशेब मांडून पाहू. त्याला 30 सेकंदांची रील हवी आहे. यातला पहिला निर्णय यंत्राबाहेरचा: पाकीट, दुकान, हातात पावडर घेतलेली आई, दुधात विरघळणारी हळद, हे सगळं मोबाइलवर शूट होतं आणि खरंही दिसतं. तिथं 15 सेकंद भागले. उरलेले 15 सेकंद असे की जे ऑक्टोबरमध्ये मिळणारच नाहीत: काढणीचं शेत, कढईतली शिजणारी हळद आणि वाळवणाचं अंगण. पाच सेकंदांची एक, अशा तीन क्लिप.

आता समजा, चार प्रयत्नांतला एक चालण्याजोगा निघतो. हे प्रमाण प्रत्येकानं आपल्या मोफत प्रयत्नांवरून काढायचं, दुसऱ्याचं उसनं घ्यायचं नाही. तीन क्लिपसाठी बारा प्रयत्न लागतील. रनवेच्या 625 क्रेडिटमध्ये जेन-4 ची पाच सेकंदांची क्लिप 60 क्रेडिटला पडते, म्हणजे दहाच प्रयत्न. तिसरी क्लिप अर्ध्यावर अडकणार. टर्बोत तीच क्लिप 25 क्रेडिटला पडते. तेव्हा बारा प्रयत्न टर्बोत करायचे, 300 क्रेडिट गेली. तीन दृश्यांचे शब्द आणि कॅमेऱ्याची चाल पक्की झाली की मग जेन-4 वर पाच प्रयत्न, आणखी 300. एकूण 600. उरलेली 25 म्हणजे टर्बोची एक क्लिप हाताशी.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. टर्बोत छान आलेली क्लिप जेन-4 मध्ये जशीच्या तशी येत नाही. प्रॉम्प्ट चालतो की नाही, एवढंच कच्च्या प्रयत्नातून कळतं. त्यामुळे टर्बोची एखादी क्लिप मोबाइलच्या पडद्यावर चांगली दिसत असेल तर ती ठेवून द्यावी. चांगल्याची हाव धरून 60 क्रेडिट घालवायची गरज नसते.

प्रयत्न वाचवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे खऱ्या फोटोवरून सुरुवात करणं. गेल्या फेब्रुवारीत शेतात काढलेला एखादा फोटो असेल तर तो पहिली चौकट म्हणून द्यायचा आणि फक्त हालचाल सांगायची: ‘वाफ वर जाते, कॅमेरा हळू पुढे सरकतो.’ हळद हळदीसारखीच दिसते, कारण ती खरी आहे. हालचाल जितकी कमी, तितकी फसगत कमी. मराठी नाव, भाव, फोन नंबर हे शेवटी एडिटिंग ॲपमध्ये टाकायचं. त्यावर एकही क्रेडिट घालवू नये. होम-स्टेवाल्यालाही हेच लागू आहे, किंबहुना जास्तच. यंत्रानं रचलेलं ‘कास’ युरोपातल्या कुरणासारखं दिसलं आणि ते पाहून पाहुणा आला, तर तो भांडणारच.

आणखी एक छोटी गळती असते. फ्लोसारख्या ठिकाणी एका प्रॉम्प्टला एकदम दोन किंवा चार व्हिडिओ काढायची सोय असते. सेटिंग दोनवर राहिलं तर दर वेळी दुप्पट क्रेडिट जातात. दोन दिवसांत खातं रिकामं झाल्याची तक्रार ऐकली की पहिल्यांदा हे सेटिंग पाहावं.

गैरसमज: जिओवर गुगल फुकट मिळालंय, आता हिशेबाची गरज नाही.

ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस जिओनं अनलिमिटेड 5जी ग्राहकांना गुगल एआय प्रो 18 महिने मोफत देण्याची योजना जाहीर केली, सुरुवातीला 18 ते 25 वयोगटासाठी. तिची किंमत 35,100 रुपये सांगितली गेली, म्हणजे महिन्याला 1,950. ही योजना ज्याला मिळाली आहे त्यानं दुसरीकडे पैसे भरण्याआधी ती पुरती वापरावी, यात शंका नाही. मात्र ‘अनलिमिटेड’ आहे ते 5जी. व्हिडिओला मर्यादा आहेतच आणि वर सांगितलेला क्रेडिटचा हिशेब तिथंही तसाच लागतो.

गैरसमज: वर्षाची योजना घेतली की स्वस्त पडतं.

रनवेची स्टँडर्ड योजना वर्षाची घेतली तर महिन्याला 12 डॉलर पडत, पण 144 डॉलर एकदम भरायचे. हळदवाल्याला रील लागते दिवाळीला आणि फार तर गुढीपाडव्याला. दोन महिन्यांचे सुटे पैसे भरले तर 30 डॉलरमध्ये काम होतं. उरलेल्या दहा महिन्यांची क्रेडिट दर महिन्याला जमा होऊन दर महिन्याला बुडणार, त्यांचे पैसे कशाला भरायचे?

डॉलरचा आकडा रुपयात बदलतानाही घाई नको. डॉलर 88 रुपये धरला तर 15 डॉलरचे 1,320 होतात. त्यावर 18 टक्के जीएसटी लागला तर साडेपंधराशेच्या पुढे जातं आणि कार्डाच्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणखी वेगळं. तीन क्लिपना सोळाशे धरले तर एक क्लिप साधारण 530 रुपयांना पडली. आता गावातल्या व्हिडिओग्राफरला फोन करून अर्ध्या दिवसाचा दर विचारावा आणि मगच ठरवावं.

योजना घेतली त्याच दिवशी ती रद्द करून ठेवली तरी भरलेला महिना बहुतेक ठिकाणी पूर्ण वापरता येतो. नाहीतर आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा बँकेचा मेसेज आदल्या दिवशी येतो आणि दिवाळीच्या गर्दीत तो वाचायचा राहून जातो.