चौकटीबाहेरचं लाकूड

नागपूरच्या लकडगंजात फर्निचरचा फोटो काढायचा म्हटलं की लाकडामागे लाकूडच येतं. पॉलिश केलेली सागवानी खुर्ची पुढे, तिच्यामागे सागाच्या फळ्यांची थप्पी, जमिनीवर आरा मशीनचा भुसा, आणि एका बाजूला दुकानाचं निळं शटर. गिऱ्हाईक आता दुकानात येण्याआधी मोबाइलवर माल बघतं, त्यामुळे दुकानदाराला पांढऱ्या पार्श्वभूमीवर नुसती खुर्ची हवी असते. फोटो दहा-वीस असले तर हाताने कापता येतात. पण दर आठवड्याला नवा माल येतो तिथे हे काम कोडवर सोपवावं लागतं. मी ते ओपनसीव्हीच्या ग्रॅबकटवर सोपवलं, आणि या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथल्या लाकडानेच मला नीट दाखवल्या.

ग्रॅबकट ही कार्स्टन रॉदर, व्लादिमिर कोल्मोगोरोव्ह आणि अँड्र्यू ब्लेक या तिघांनी केम्ब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये तयार केलेली आणि २००४ साली मांडलेली पद्धत. वापरणाऱ्याने वस्तूभोवती एक ढोबळ चौकट आखायची, बाकी काम पद्धतीने करायचं. ओपनसीव्हीत त्यासाठी लागणारा कोड एवढाच आहे:

```python
import cv2 as cv, numpy as np

img = cv.imread("khurchi.jpg")
mask = np.zeros(img.shape[:2], np.uint8)
bgd = np.zeros((1, 65), np.float64)
fgd = np.zeros((1, 65), np.float64)
rect = (150, 190, 450, 720)
cv.grabCut(img, mask, rect, bgd, fgd, 5,
           cv.GC_INIT_WITH_RECT)
```

`rect` मधले चार आकडे म्हणजे डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी आणि उंची. शेवटचे दोन आकडे समोरच्या कोपऱ्याचे समजले गेले तर चौकट भलतीकडे पसरते आणि तरीही कोड तक्रार न करता चालतो, म्हणून ती आधी फोटोवर रंगवून बघावी. इथला फोटो ७५० बाय १००० पिक्सेलचा आहे. मोबाइलचा मूळ फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो, पण ग्रॅबकटला लागणारा वेळ पिक्सेलच्या संख्येबरोबर वाढत जातो. म्हणून आधी फोटो लहान करून घेतो. या मापात खुर्चीचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ८ पिक्सेल.

आता मुख्य गोष्ट. आपण खुर्चीभोवती चौकट आखतो तेव्हा आपण खुर्ची दाखवली असं वाटतं. प्रत्यक्षात खुर्चीबद्दल आपण काहीच सांगितलेलं नसतं. पद्धतीला खात्रीने कळतं ते एवढंच, की चौकटीबाहेरचं सगळं पार्श्वभूमी आहे. आतलं काय आहे ते तिला ठरवायचं असतं. बाहेरच्या पिक्सेलच्या रंगांचे ती पाच गट करते, आतल्या पिक्सेलचेही पाच गट करते. प्रत्येक गटाचं वजन हा एक आकडा, सरासरी रंगाचे तीन आणि रंगांच्या पसरटपणाचे नऊ, असे तेरा आकडे. पाच गटांचे मिळून पासष्ट. वरच्या कोडमधले ६५ ते हेच. मग आतल्या प्रत्येक पिक्सेलचा रंग कोणत्या बाजूच्या गटांशी जास्त जुळतो ते बघितलं जातं.

रंगाच्या जोडीला दुसरा विचार असतो कडांचा. शेजारशेजारचे दोन पिक्सेल एकाच रंगाचे असतील तर त्यांच्यामधून कापणं महाग, रंगात मोठा फरक असेल तर स्वस्त. सुतार लाकूड फोडताना जिथे नस सुटते तिथे छिन्नी लावतो, तसा हा काप एकूण खर्च सर्वांत कमी येईल अशा वाटेने जातो. कापल्यावर आतलं आणि बाहेरचं नव्याने वाटलं जातं, रंगांचे गट पुन्हा बनतात, पुन्हा कापलं जातं. कोडमधला ५ हा आकडा म्हणजे या फेऱ्यांची संख्या.

खुर्ची निळ्या शटरपुढे ठेवली तेव्हा पाठीचा भाग पहिल्याच झटक्यात सुरेख सुटला. पाठीच्या दांड्यांमधल्या फटीतून दिसणारं शटरही गेलं, कारण तो निळा रंग चौकटीबाहेर भरपूर होता आणि खुर्चीत कुठेच नव्हता. हीच खुर्ची फळ्यांच्या थप्पीपुढे ठेवल्यावर चित्र पालटलं. पाठीच्या एका बाजूला फळीचा तुकडा चिकटून आला, पुढचा एक पाय गुडघ्याखाली गायब झाला आणि खुर्चीखालची काळी सावली मात्र खुर्चीबरोबर कापून आली. स्क्रीन बघून दुकानातल्या पॉलिशवाल्याने विचारलं, "भाऊ, इचा पाय कुठं गेला जी?"

पाय गेला तो बाहेरच्या लाकडात. पॉलिश होण्याआधीचा साग सोनेरी तपकिरी, भुसा त्याहून फिका, आणि उजेडात चमकणारा पॉलिशचा पाय याच दोन्हींच्या मधला. चौकटीबाहेर थप्पी आणि भुसा मिळून हे रंग हजारो पिक्सेलमध्ये पसरलेले होते. त्यामुळे पायाचे पिक्सेल पार्श्वभूमीच्या गटांशीच जास्त जुळले. पायाची कडही पुसट होती, म्हणजे तिथे कापणं महाग पडलं आणि काप वरच्या ठळक कडेवर सरकला. पद्धतीला लाकूड, पाय, खुर्ची हे काही कळत नाही. तिच्यापाशी फक्त रंग आणि कडा असतात.

सावलीचं कारण याच्या अगदी उलट. सावली पूर्णपणे चौकटीच्या आत होती. तिच्यासारखा गडद रंग बाहेर कुठेच नव्हता, म्हणून पार्श्वभूमीच्या पाच गटांत तिला जागा मिळाली नाही आणि ती खुर्चीच्या गडद भागांबरोबर गेली. यातून एक नियम हाती लागतो: जे पार्श्वभूमीचं आहे पण ज्याचा नमुना चौकटीबाहेर नाही, ते वस्तूला चिकटून येतं; आणि वस्तूच्या ज्या भागाचा रंग बाहेर भरपूर आहे, तो भाग वस्तूतून गळतो. बिघडलेला काप समोर आला की चूक यांपैकी कोणत्या जातीची आहे, हे आधी बघावं.

ते बघण्याची सोपी युक्ती आहे. मास्कमध्ये चारच मूल्यं असतात: ० म्हणजे नक्की पार्श्वभूमी, १ नक्की वस्तू, २ बहुधा पार्श्वभूमी, ३ बहुधा वस्तू. मास्कला ८५ ने गुणून चित्र म्हणून उघडलं की ही चार मूल्यं काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या चार छटांत दिसतात. चौकटीबाहेरचा भाग काळा असतो आणि काळाच राहतो. कितीही फेऱ्या केल्या तरी ० बदलत नाही. खुर्चीचा हात चौकटीबाहेर राहिला तर तो कायमचा गेला. म्हणून चौकट वस्तूपेक्षा थोडी सैल हवी.

पण सैलपणालाही हद्द आहे. आपली चौकट ४५० बाय ७२०, म्हणजे ३,२४,००० पिक्सेलची. एकूण ७,५०,००० पैकी ५७ टक्के बाहेर राहतात. तीच चौकट ७१० बाय ९६० केली तर बाहेर जेमतेम ९ टक्के उरतात, फोटोच्या काठाची एक पट्टी. त्या पट्टीत भुसा आला नाही तर भुसा म्हणजे पार्श्वभूमी हे कळायला मार्ग राहत नाही. चौकटीने अख्खा फोटोच व्यापला तर बाहेरचा एकही नमुना नसतो आणि ओपनसीव्ही त्रुटी दाखवून थांबतं. उलट बाहेरचा भाग अवाढव्य असणंही बरं नाही. फोटोत वर टिनाचं छप्पर, आकाश, रस्त्यावरचा टेम्पो असेल तर पार्श्वभूमीचे पाच गट त्यातच वाटले जातात आणि खुर्चीलगतच्या रंगांना नीट गट मिळत नाही. मी फोटो आधी खुर्चीच्या भोवती कापून घेतो, म्हणजे चौकटीबाहेर फक्त खुर्चीच्या शेजारचंच उरतं.

एवढं करूनही पाय आणि सावलीचा प्रश्न राहिलाच, तर मास्कवर इशारे द्यावे लागतात. पायाच्या मधोमध एक रेघ १ ने, सावलीतून एक रेघ ० ने:

```python
cv.line(mask, (215, 640), (205, 890), 1, 7)
cv.line(mask, (260, 880), (480, 885), 0, 7)
cv.grabCut(img, mask, None, bgd, fgd, 5,
           cv.GC_INIT_WITH_MASK)
sel = (mask == 1) | (mask == 3)
alpha = np.where(sel, 255, 0).astype(np.uint8)
cv.imwrite("khurchi.png", np.dstack([img, alpha]))
```

रेघ वस्तूच्या आत राहील इतकीच जाड ठेवायची. इशारा मिळाल्यावर रंगांचे गट नव्याने बनतात, म्हणून एका रेघेचा परिणाम तिच्या आसपासही पसरतो. सावलीतल्या रेघेमुळे गडद रंगाचा नमुना पार्श्वभूमीत गेला आणि सावलीचा बहुतेक भाग सुटला. पायही परत आला.

वेताच्या विणीचं मात्र रेघांनी भागत नाही. वेताची पट्टी दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे या मापात जेमतेम दोन पिक्सेल. लांब काप महाग असल्यामुळे पद्धत बारीक, लांबट भाग कापून टाकते किंवा मधली भोकं बुजवून टाकते. ओपनसीव्हीत या दोन खर्चांमधलं प्रमाण आतच ठरवलेलं आहे, बाहेरून बदलता येत नाही. शिवाय मूळ संशोधनात कड मऊ करण्याची वेगळी पायरी होती, ती ओपनसीव्हीच्या फंक्शनमध्ये नाही. प्रत्येक पिक्सेल एक तर आत, नाही तर बाहेर. जाळीदार विणीची खुर्ची असेल तर तेवढा भाग हाताने करणंच इष्ट.

लकडगंजासाठी सगळ्यात खात्रीचा उपाय कोडच्या आधीच करायचा आहे. खुर्चीच्या मागे आणि खाली निळं किंवा हिरवं, न चमकणारं कापड. पांढरं नको, कारण पॉलिशवरची चकाकी पांढऱ्यात मिसळते आणि खुर्चीला भोकं पडतात. प्लॅस्टिकची ताडपत्री नको, तिची चमक लाकडावर उतरते. कापड खुर्चीपासून तीन-चार फूट मागे टांगावं, म्हणजे त्याची झाक पॉलिशमध्ये दिसत नाही. खालीही तेच कापड असलं की भुसा फोटोत येत नाही. सावली कापडावरच पडते, आणि कापड थोडं मोठं असलं की तिची कड चौकटीबाहेर येऊन तिचाही नमुना मिळतो. एवढं केलेल्या फोटोंमध्ये बहुतेकांना रेघ ओढावी लागत नाही.

तेव्हा हा कोड वापरणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. चौकट आखताना खुर्चीकडे नंतर बघा, आधी चौकटीबाहेर काय राहतं ते बघा. तिथे खुर्चीचा रंग नसेल आणि मागच्या-खालच्या प्रत्येक रंगाचा थोडा तरी नमुना असेल, तर ढोबळ चौकट पुरते. तसं नसेल तर फेऱ्या वाढवत बसू नका. फोटो पुन्हा काढा.