आधी फरक, मग नाव

कॉफीच्या पाकिटावर हल्ली ‘संत्रं, काकवी, भाजलेले बदाम’ असं काहीबाही छापलेलं असतं. घरी आणून करून प्यावी, तर लागते ती कॉफीच. मग आपण कंपनीला थापाडी ठरवतो, नाहीतर स्वतःच्या जिभेला मठ्ठ. खरं तर पाकिटात कोणी संत्र्याचा अर्क घातलेला नसतो आणि जिभेतही काही खोट नसते. एकच कप समोर घेऊन त्यात संत्रं शोधायला बसणं, ही पद्धत मात्र चुकीची आहे.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसल-रसदार अशी उमामी एवढंच कळतं. बाकीचं काम नाकाचं. खात्री करायची असेल, तर नाक घट्ट चिमटीत धरून वेलची घातलेली पिठीसाखर जिभेवर ठेवा. नुसतं गोड लागेल. चिमटी सोडा, श्वास नाकातून बाहेर जाऊ द्या. वेलची तिथे येते. कॉफीतलं संत्रं किंवा बदामही असेच घशामागून नाकात पोहोचतात. म्हणून चव घेणारे लोक चमच्यातून कॉफी जोरात भुरकतात. भुरक्यासरशी तिचे बारीक तुषार तोंडभर उडतात आणि वास वर चढतो. चारचौघांत वाईट दिसतं, पण घरात कोण बघतंय!

त्या वासांना नावं देण्यासाठी चवचक्र, म्हणजे फ्लेवर व्हील, आहे. अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफी संघटनेनं ते 1995 साली काढलं आणि 2016 मध्ये ‘वर्ल्ड कॉफी रिसर्च’च्या मदतीनं नव्यानं मांडलं. मध्याला नऊ ढोबळ गट आहेत: फुलं, फळं, आंबट-आंबूस, हिरवट, भाजकं, मसाले, दाणे-कोको, गोड आणि ‘इतर’. बाहेर जावं तसं नाव नेमकं होत जातं. फळांतून लिंबूवर्गीय, त्यातून संत्रं किंवा लिंबू. वाचायचं आतून बाहेर. नवखा माणूस नेमका उलटा जातो. बाहेरच्या कडेवर ‘ब्लूबेरी’ वाचतो आणि मग ती त्याला लागायलाही लागते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शेजारच्या दोन कप्प्यांमधली फट कुठे अरुंद आहे, कुठे रुंद. फट जेवढी मोठी, तेवढं त्या दोन चवींमधलं नातं लांबचं.

आता मूळ मुद्दा. चव ओळखण्यापेक्षा दोन चवींमधला फरक ओळखणं कितीतरी सोपं असतं. म्हणून पहिल्या दिवशी दोन कॉफ्या शेजारीशेजारी हव्यात आणि त्या एकमेकींपासून भरपूर लांबच्या हव्यात. आपल्याकडे सहज मिळणारी फार चांगली जोडी म्हणजे चिकमगळूरची वॉश्ड अरेबिका आणि मॉन्सून्ड मलबार. पहिलीत फळाचा गर धुऊन काढून बी वाळवतात. दुसरीचं वाळलेलं बी पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत कित्येक आठवडे दमट वाऱ्याला पसरून ठेवतात. ते फुगतं, फिकट पिवळसर होतं आणि त्याचा आंबटपणा जवळजवळ निघून जातो. दोन्ही मध्यम भाजलेल्या घ्या. फार काळी भाजली की दोन्हींची राखच लागते. चिकोरी घातलेली फिल्टर पावडर इथे उपयोगाची नाही, कारण मग चव चिकोरीची घेतली जाते.

सारख्या आकाराच्या दोन वाट्या घ्या. प्रत्येकीत 12 ग्रॅम कॉफी, जाड रव्यासारखी दळलेली. आधी कोरडीच हुंगा. मग पाणी उकळून मिनिटभर थांबा आणि प्रत्येक वाटीत 200 मिली ओता. वजनकाटा हवाच, कारण एक वाटी दाट आणि एक पातळ झाली तर तुम्ही कॉफीची नव्हे, चमच्याच्या मापाची तुलना करत बसाल. चार मिनिटांनी वर जमलेला थर चमच्याच्या पाठीनं तीनदा मागे सारा, नाक अगदी जवळ नेऊन. सगळ्यात जास्त वास या क्षणी सुटतो. फेस काढून टाका. आणखी सात-आठ मिनिटं थांबा आणि मग भुरके सुरू करा. इकडे एक, तिकडे एक, मध्ये चमचा पाण्यात बुडवून.

नावं अजून नकोत. कोणती जास्त आंबट? कोणती तोंडात जड? गिळल्यावर कोणती जास्त वेळ राहते? चिकमगळूरच्या वाटीत जिभेच्या कडांना पाणी सुटेल. मलबारमध्ये ते बहुतेक सुटणार नाही, पण ती भरीव लागेल. इथे आंबट आणि कडू यांची गल्लत फार होते. शंका आली तर एका पेल्यात लिंबाचं पातळ पाणी आणि दुसऱ्यात कारलं उकळलेलं पाणी ठेवून ताडून बघा. आता चक्राकडे वळा. पहिल्या वाटीचा आंबटपणा फळासारखा आहे की व्हिनेगरसारखा? फळासारखा असेल, तर लिंबूवर्गीय की सफरचंदासारखा? इथवर आलात तरी पुष्कळ झालं. दुसरी वाटी मात्र तुम्हाला बहुधा ‘इतर’ या गटात नेईल. तिथे ओलसर, मातकट, लाकडासारखे वास आहेत. एरवी कॉफीत हे वास दोष मानतात. मलबार घेणारे त्यांचेच पैसे मोजतात. चक्र फक्त वर्णन करतं, गुण देत नाही.

कोमट झाल्यावर दोन्ही पुन्हा भुरका. गरम असताना दडलेला गोडवा आणि आंबटपणा आता पुढे येतो, आणि दोषही. गारढोण होईपर्यंत वाट्या उचलू नका.

चक्राची मोठी अडचण आपल्यासाठी अशी, की त्यामागचा शब्दकोश अमेरिकी दुकानांत मिळणाऱ्या जिनसांवर बेतलेला आहे. मेपल सिरप आणि ब्लॅकबेरी ज्यानं कधी चाखली नाही, त्याला ती कॉफीत सापडणार कशी? डाळिंब, नारळ, लवंग, शेंगदाणे चक्रात आहेत. करवंद, फणस, कोकम नाहीत. मी सरळ आपली नावं वहीत लिहिते आणि चक्रात ती कोणत्या गटाशेजारी बसतील तेवढं बघते. मोलॅसिसच्या कप्प्यात काकवी जवळजवळ चपखल बसते. एखादा शब्द ओठांवर येऊन अडला, तर तो जिन्नस डब्यातून काढून वाटीशेजारी हुंगा: भाजलेले शेंगदाणे, मनुका, जायफळ. आठवणीतल्या वासापेक्षा समोरचा वास खरा.

पाण्याकडेही लक्ष हवं. बोअरवेलच्या जड पाण्यात आंबटपणा मारला जातो आणि चिकमगळूरही मलबारसारखी सपाट लागू लागते. आरओचं अगदी क्षाररहित पाणी घेतलं तर कॉफी पोकळ लागते. दोन वाट्यांत फरकच कळेना, तर जिभेला दोष देण्याआधी पाणी बदलून बघा.

सरावानं आपल्याला खरंच कळू लागलंय की पाकिटावरचं वाचून भास होतोय, हे तपासायची रीत सोपी आहे. घरातल्या कुणाला तरी तीन वाट्या भरायला सांगा: दोन एकीच्या, एक दुसरीची, खूण वाटीच्या बुडाला. वेगळी कोणती ते सांगायचं. नुसत्या अंदाजानंही तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून एका यशावर विसंबू नका. सहा वेळा करून पाच वेळा जमलं, तर ते निव्वळ योगायोगानं घडण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. मलबारशी हे पहिल्याच दिवशी जमेल. मग जोडी जवळची करा: एकाच मळ्यातली वॉश्ड आणि फळासकट वाळवलेली नॅचरल. त्यानंतर एकाच कॉफीच्या दोन भाजण्या. तिथे बहुतेकांची गाडी अडते, आणि ‘भाजकं’ या गटातले कप्पे उपयोगी पडायला लागतात ते तिथेच.