वीस ग्रॅमच्या पाटल्यांत चोख सोने किती?

पेढीवरच्या फलकावर सोन्याचे दोन भाव लिहिलेले असतात, एक चोवीस कॅरेटचा आणि दुसरा बावीसचा. आपण पाटल्या घ्यायला गेलो असू, तर आपला भाव दुसरा.

कॅरेट म्हणजे चोविसातला हिस्सा. चोवीस कॅरेट म्हणजे सगळेच सोने, व्यवहारात ९९.९ टक्के. बावीस कॅरेटमध्ये चोविसातले बावीस भाग सोने आणि उरलेले दोन भाग मुख्यतः तांबे व चांदी. टक्केवारीत हे ९१.६ भरते, म्हणून अशा दागिन्यावर २२K९१६ असा शिक्का असतो. या मिश्रणात लबाडी नाही. चोख सोने इतके मऊ असते की त्याच्या पाटल्या रोजच्या वापरात वाकतील आणि खड्याची पकड सैल होईल. म्हणून चोवीस कॅरेट वेढणी, नाणी आणि बिस्किटांसाठी, तर घडीव दागिन्यांसाठी बावीस.

आता हिशोब करू. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून चोवीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १२,००० रुपये धरू. बावीस कॅरेटचा भाव त्याच प्रमाणात ११,००० येतो. वीस ग्रॅमच्या पाटल्यांत चोख सोने १८.३३ ग्रॅम असते आणि सोन्याची किंमत २,२०,००० रुपये होते. घडणावळ दहा टक्के धरली तर २२,००० रुपये. एकूण २,४२,००० वर तीन टक्के जीएसटी ७,२६० रुपये. बिल झाले २,४९,२६० रुपये.

याच पाटल्यांना चोविसाचा भाव लावला, तर सोन्याचेच २०,००० रुपये जास्त जातात. घडणावळ आणि कर त्या वाढीव रकमेवर चढल्याने एकूण २२,६६० रुपयांचा फटका बसतो, आणि पाटल्यांतले सोने मात्र तेवढेच राहते. म्हणून बिलात कॅरेट, त्या कॅरेटचा भाव, निव्वळ वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. खडे असतील तर त्यांचे वजन सोन्यात धरलेले नाही ना, हेही पाहावे.

शुद्धतेची खात्री डोळ्यांनी होत नाही. त्यासाठी हॉलमार्कच्या तीन खुणा पाहाव्यात: बीआयएसचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने विकताना हा क्रमांक सक्तीचा आहे. तो BIS Care अॅपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातात पाटल्या आणि पडद्यावर अंगठी दिसली, तर तो दागिना घेऊ नये.

पाटल्या त्याच भावात मोडल्या, तरी घडणावळ आणि कराचे २९,२६० रुपये परत येत नाहीत. नुसती बचत करायची असेल तर वेढणी बरी, कारण तिची घडणावळ अगदी थोडी असते. पाटल्या घ्याव्यात त्या हातात घालण्यासाठी.