जन्मतारखेमागचा प्रश्न

अमेरिकेतल्या एका महिलेने ऑनलाइन शिकवणीच्या नोकरीसाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. तिने तोच अर्ज पुन्हा भरला, फक्त जन्मतारीख अलीकडची टाकली. या वेळी मुलाखतीचे बोलावणे आले! आयट्यूटरग्रुप या कंपनीचे सॉफ्टवेअर 55 आणि त्यावरच्या स्त्रियांचे व 60 आणि त्यावरच्या पुरुषांचे अर्ज आपोआप बाद करत होते, असा आरोप ठेवून तिथल्या समान रोजगार आयोगाने खटला भरला. 2023 मध्ये कंपनीने 3 लाख 65 हजार डॉलर देऊन तडजोड केली.

तिथे चाळिशीपुढच्यांना संरक्षण देणारा कायदा 1967 पासून आहे. आपल्याकडे खासगी कंपन्यांना असे बंधन घालणारा कायदा नाही, म्हणून ‘वय 35 पर्यंत’ ही अट जाहिरातीतच बिनदिक्कत छापली जाते. हा अन्याय उमेदवाराच्या उत्तराने मिटणारा नाही. पण मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या माणसाच्या हातात काहीतरी नक्कीच असते.

समोरचा माणूस वयाबद्दल सहसा थेट विचारत नाही. ‘इतका अनुभव आहे, मग इथे कंटाळा नाही का येणार?’ असे तो विचारतो. त्यामागे भीती असते, ती पगाराची, नवे शिकण्याची किंवा तरुण साहेबाच्या हाताखाली काम करण्याची. उत्तर त्या भीतीला द्यायचे असते.

समजा, 52 वर्षांच्या एका अकाउंटंटला विचारले, ‘आमची सिस्टीम नवी आहे, जमेल का?’ ‘मी लवकर शिकतो’ हे उत्तर अगदीच कमी पडते, कारण ते कुणीही देईल. त्याऐवजी ते सांगू शकतात, ‘2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा आमच्या ऑफिसची सगळी बिलिंग पद्धत मीच बदलली. आता दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी आला की खरेदीच्या नोंदींशी ताळा घेतो, ज्या पुरवठादाराचे बिल दिसत नाही त्याला त्याच दिवशी फोन करतो.’ एवढ्यात शिकण्याची तयारी आणि कामाची सवय दोन्ही दिसतात. मात्र घटना स्वतःची आणि शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतली हवी. वीस वर्षांपूर्वीचा पराक्रम सांगितला, तर समोरच्याची शंका उलट पक्की होते.

‘तुमचा मॅनेजर तिशीतला असेल’ असे म्हटल्यावर ‘मला मुलासारखाच’ हे उत्तर कितीही प्रेमाने आले तरी नुकसान करते, कारण त्यात साहेब लहान ठरतो. त्यापेक्षा वयाने लहान वरिष्ठाकडून आपण काय शिकलो, हे एका प्रसंगातून सांगावे.

‘निवृत्त कधी होणार?’ असे विचारले तर आकडा देण्याची घाई नको. ‘पुढची काही वर्षे हेच काम करायचे आहे. पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला माझ्याकडून काय हवे आहे?’ असे म्हणून बोलणे कामाकडे आणावे. जन्मतारीख मात्र खोटी सांगू नये. आधार आणि पॅन कार्ड पुढे आले की ती उघडी पडते आणि मिळालेली नोकरीही जाऊ शकते.