चार बिंदूंचं वर्तुळ

धाराशिवच्या फ्लेक्सवाल्याकडे लोगो येतो तो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून. समजा, एखाद्या शाळेचा गोल लोगो आलाय, जेमतेम ४०० पिक्सेल रुंद, आणि तो १० फुटी बोर्डभर छापायचाय. हिशेब केला तर एकेक पिक्सेल साडेसात मिलिमीटरचा होतो. लोगो कापताना कड दोन पिक्सेल चुकली, की बोर्डावर दीड सेंटिमीटरचा दात दिसणार.

फोटोशॉपमधलं सिलेक्ट सब्जेक्ट एका क्लिकमध्ये काम करतं खरं, पण ते शिकलंय फोटोंवर. माणूस, गाडी, कुत्रा यांचा आकार ते अंदाजाने ओळखतं. लोगोच्या ताऱ्याचं टोक त्याच्या हातून बोथट होतं आणि ‘व’च्या पोटातली पांढरी जागा तशीच भरलेली राहते. मागे गडद रंग टाकून बघा, लगेच कळतं. क्विक सिलेक्शन रंगातला फरक बघत पुढे सरकतं. त्याला नडते जेपेग: दाबलेल्या चित्रात कडेभोवती मळकट ठिपक्यांची झालर असते, आणि तिथे ते कधी आत शिरतं, कधी बाहेर सांडतं.

पेन टूल यातलं काहीच बघत नाही. कड कुठे आहे ते तुम्ही सांगायचं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चारच बिंदू ठेवा, प्रत्येकाचे हँडल त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के ओढा, झालं वर्तुळ! गंमत म्हणजे गणिताच्या दृष्टीने ते वर्तुळ नव्हेच. पेन टूलच्या वक्ररेषेला अचूक वर्तुळ जमतच नाही. पण चूक किती? १० फुटी बोर्डावर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. या रेषा मुळात मोटारींच्या पत्र्यांसाठी जन्मल्या. फ्रान्समध्ये सित्रोएनच्या द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये त्यावर काम सुरू केलं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. नाव झालं रेनोच्या बेझिए यांचं.

एक मेख मात्र आहे. पाथ काढून लगेच त्याचं सिलेक्शन केलं, तर ते पुन्हा त्याच ४०० पिक्सेलांत अडकतं आणि सगळी मेहनत पाण्यात. पाथचा शेप करा, सपाट रंग भरा, मग मोठा करा. टोकदार कोपऱ्यावर ऑल्ट दाबून बिंदूवर क्लिक केलं, की पुढचं हँडल तुटतं आणि कोपरा धारदार राहतो.

मोबाइलवरच्या पोस्टसाठी एवढा खटाटोप नको. मूळ चित्र स्वच्छ असेल तर क्विक सिलेक्शन पुरतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंचे केस कापायला तर सिलेक्ट सब्जेक्टच बरं, केसागणिक बिंदू कोण ठेवत बसणार? पण तोच लोगो गाडीच्या काचेवर रेडियममध्ये हवा असेल, तर निवड उरतच नाही. कटिंग मशीनच्या पात्याला पिक्सेल दिसत नाहीत, त्याला चालायला रेषाच लागते.